फिटच्या गोळ्या एकदम बंद करणं, कंपनी बदलणं आणि चुकलेला डोस

प्रश्न: भावाला शेवटची फिट येऊन ३ वर्षं झाली, आता एकदम ठणठणीत आहे. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? मागच्या वेळी मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली, म्हणाला सेमच आहे. आणि एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर आजच लागू शकतं. नाही, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात करायच्या नाहीत. मी फार्मासिस्ट आहे, पण यातलं बरंचसं मला कॉलेजपेक्षा घरातच कळलं, कारण माझ्या धाकट्या भावाला १६ व्या वर्षापासून फिट्स येतात.

त्याचीच गोष्ट सांगते. तेव्हा त्याला लॅमोट्रिजिन चालू होती, १०० सकाळी आणि १०० रात्री, आणि अडीच वर्षांत एकही फिट नव्हती. मित्रांबरोबर आठवडाभर बाहेर गेला आणि गोळ्यांचं पाकीट टेबलाच्या ड्रॉवरमध्येच राहिलं. तिथे पोचल्यावर लक्षात आलं, पण घरी सांगितलं तर सगळे ओरडतील म्हणून गप्प बसला. पहिले चार-पाच दिवस काहीच झालं नाही, उलट त्याला वाटलं की बघा, गोळीशिवाय पण मी ठीक आहे. सहाव्या दिवशी रात्री घरी आला आणि पहाटे पलंग भिंतीवर आपटण्याच्या आवाजाने मला जाग आली. दोन मिनिटांत ती फिट थांबली, पण तो नीट शुद्धीवर यायच्या आतच दुसरी सुरू झाली, मग तसंच उचलून हॉस्पिटलला नेलं.

तिथे इंजेक्शन दिल्यावर फिट थांबली. डॉक्टरांनी विचारलं किती दिवस गोळी नाही, तोपर्यंत त्याच्या मित्राला फोन करून मला कळलं होतं, मी म्हटलं सहा दिवस. माझ्या हातात स्ट्रिप होती, शुद्धीवर आला की १०० ची गोळी द्यायची असं मी धरूनच चालले होते. डॉक्टर म्हणाले ही आता द्यायची नाही, परत २५ पासून सुरू करायचं.

हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. लॅमोट्रिजिन सुरुवातीला मुद्दाम हळूहळू वाढवतात, कारण एकदम मोठा डोस दिला तर काही जणांना अंगावर भयंकर रॅश येतं, तोंडात, डोळ्यांत फोड येतात, कातडी सुटते, जिवावर बेतू शकतं. औषध शरीरातून पूर्ण निघून गेलं की तो धोका परत पहिल्या दिवसासारखा होतो. ही गोळी एकटीच चालू असेल तर रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्मं होतं, म्हणजे पाचेक दिवसांत जवळपास सगळं संपतं. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर त्याहून बरेच दिवस लागतात आणि कार्बामाझेपिन असेल तर आणखी लवकर संपतं. म्हणून या गोळीत काही दिवसांचा गॅप पडला असेल तर जुना डोस आपल्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन. माझ्या भावाला २५ चे दोन आठवडे, मग ५० चे दोन आठवडे, असं करत परत २०० वर यायला दीड महिना लागला. तेवढ्या दिवसांसाठी आधार म्हणून क्लोबाझाम दिली होती आणि नंतर तीसुद्धा हळूहळूच कमी केली.

आता मुळात बंद केल्यावर असं का होतं. फिटची गोळी ताप उतरवणाऱ्या गोळीसारखी काम करून मोकळी होत नाही, ती रक्तात एका पातळीवर असेपर्यंतच फिटला अडवते. तुमचा भाऊ ३ वर्षं ठीक आहे ते कदाचित आजार गेला म्हणून असेल, पण गोळी चालू आहे म्हणूनही असू शकतं आणि बाहेरून बघून कुणालाच हे सांगता येत नाही. दुसरं म्हणजे मेंदू औषधाशी जुळवून घेतो. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांच्या बाबतीत तर हे फारच होतं. ही औषधं मेंदूला शांत ठेवतात आणि मेंदू त्यांच्या जोरावर उभा राहायला शिकतो, जसं बंद दाराला टेकून उभं राहावं आणि कुणी पलीकडून दार एकदम उघडावं. अशा वेळी येणारी फिट आधीपेक्षा जोरदार, लांबलेली, एकामागून एक अशी असू शकते. आणि ती लगेच दुसऱ्या दिवशी येईल असंही नाही, फेनोबार्बिटोन रक्तातून उतरायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे आठवडाभर काही झालं नाही म्हणजे सुटलो असं समजण्यात अर्थ नाही.

बंद करताच येत नाहीत असं मात्र मी म्हणत नाहीये. दोन वर्षं किंवा जास्त फिट नसेल तर डॉक्टर हा विचार करतात, ईईजी, एमआरआय, फिटचा प्रकार, वय, गाडी चालवतो का, हे सगळं बघून. मग एका वेळी एकच औषध, थोडं थोडं, काही महिन्यांत कमी करतात. तरीही धोका उरतोच. ब्रिटनमध्ये १९९१ साली एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात किमान दोन वर्षं फिट नसलेले हजारावर लोक होते. पुढच्या दोन वर्षांत गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोकांना फिट आली नाही, हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांना आली नाही. म्हणजे नीट पद्धतीने बंद करूनही बऱ्याच जणांची फिट परत आली, पण निम्म्याहून जास्त लोकांची नाही आली हेही खरंय. निर्णय डॉक्टर आणि तुमचा भाऊ दोघांनी मिळून घ्यायचा.

कंपनी बदलण्याचं उत्तर कुठली गोळी आहे त्यावर आहे. मेडिकलवाला म्हणाला सेम आहे ते औषधाच्या नावापुरतं खरं, पण गोळीत औषधाबरोबर पावडर वगैरे भरलेली असते आणि ती कंपनीप्रमाणे बदलते. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटोइनच्या कॅप्सूलमधली ही भरण बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. औषध तेच, डोस तोच. पण ते जास्त शोषलं जायला लागलं आणि कित्येक पेशंटना विषबाधा झाल्यासारखं झालं. फेनिटोइनचं तसंच आहे, एका मर्यादेनंतर शरीर ते हळूहळूच बाहेर टाकू शकतं, त्यामुळे थोडासा फरक पडला तरी रक्तातलं प्रमाण खूप वर जातं. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, बोलणं जड होतं, डोळे हलत राहतात. उलट्या बाजूला गेलं तर फिट येते.

म्हणून ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये गट पाडले. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, प्रिमिडोन यांची कंपनी बदलू नका असं सांगितलं. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम, टोपिरामेट वगैरेंसाठी पेशंट बघून डॉक्टरांनी ठरवायचं. लेव्हेटिरासिटामसाठी सहसा एकाच कंपनीचा हट्ट धरायची गरज नाही. स्वस्त जेनेरिक वाईट असतं असा याचा अर्थ बिलकुल नाही, प्रॉब्लेम होतो तो दर महिन्याला वेगवेगळी मिळण्यामुळे. जी चालू आहे तीच चालू ठेवा आणि ती संपायच्या आठ-दहा दिवस आधीच आणा, म्हणजे मिळाली नाही तरी हातात वेळ राहतो.

आणि एक चूक मी काउंटरवर बऱ्याचदा बघितलीय. नावापुढे सीआर किंवा ईआर असलेली, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, साध्या गोळीने बदलली जाते. तेवढ्याच ताकदीची दिसते पण ती वेगळी गोळी आहे, त्यामुळे नवी स्ट्रिप आणली की कंपनीच्या नावाखालचं औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि ही अक्षरं जुन्या स्ट्रिपशी जुळवून बघा. कंपनी बदललेली गोळी घेऊन झालीच असेल तर घाबरून मध्येच थांबवू नका, डॉक्टरांना सांगा आणि काही आठवडे तोल, झोप, फिट यांवर लक्ष ठेवा. गोळी अजिबातच न घेण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची घेतलेली केव्हाही बरी.

आता चुकलेला डोस. समजा लेव्हेटिरासिटाम आहे, सकाळी ८ आणि रात्री ८. मोठ्या माणसात तिचं प्रमाण सहा ते आठ तासांत निम्मं होतं. म्हणजे सकाळी ८ नंतर रक्तात १०० धरलं तर रात्री ८ ला ३० च्या आसपास उरतं, आणि रात्रीची राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते प्रमाण १० च्या आसपास येतं. एका डोसने इतका फरक पडतो. म्हणून सकाळची राहिलीय हे दुपारी १ ला आठवलं तर लगेच घ्या आणि रात्रीची ८ ला नेहमीसारखी. संध्याकाळी ६ ला आठवलं तर सकाळची सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या, जोडी करून नाही. दिवसातून दोनदा असेल तर साधारण सहा तासांच्या आत, दिवसातून एकदाच असेल तर बारा तासांच्या आत आठवलं की घ्यायची, हा ढोबळ नियम. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा, आणि पुढच्या भेटीत हे प्रिस्क्रिप्शनवरच लिहून मागा. दोन किंवा जास्त डोस राहिले तर फोन कराच. घेतली की नाही तेच आठवत नसेल तर अंदाजाने परत घेऊ नका, स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा. वारांचे खण असलेली डबी आणली की हा प्रश्नच उरत नाही.

डोस चुकला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी नको, पोहणं नको, उंचावर चढणं नको, बाथरूमला आतून कडी नको, जागरण नको.

दोन जागी मात्र डॉक्टरांना गाठण्यात दिवस घालवू नका. नवी गोळी सुरू झाल्यावर अंगावर रॅश, त्यात ताप किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी दाखवा, तिथे गोळी थांबवायची वेळ येऊ शकते. आणि व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाईला दिवस गेलेत असं कळलं तर ते औषध बाळाला घातक असू शकतं, पण एकदम बंद केलं तर फिटने दोघांचाही जीव धोक्यात येतो, म्हणून न थांबवता लगेच डॉक्टरकडे.

फिट आलीच तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर वाट न बघता अँब्युलन्स. हॉस्पिटलमध्ये शेवटची गोळी कधी घेतली हे पहिल्यांदा सांगा. माझ्या भावाच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते, औषधाचं नाव, कंपनी, डोस आणि माझा नंबर, आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात तीन दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या.