संशयाला पुरावा देऊ नका

प्रश्न: माझ्या कथेतल्या मुलीचा दोन जिवलग मैत्रिणींवरचा विश्वास हळूहळू उडत जातो. मोठं काहीच घडत नाही. मग वाचकाला अस्वस्थ कसं करायचं?

प्रत्येक घटनेला एक साधं, पटणारं कारण असू द्या. ते कारण लंगडं असलं की वाचक लगेच मैत्रिणींना दोषी ठरवतो, आणि मग अस्वस्थ व्हायला काही उरतच नाही.

समजा, तिघी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. स्वाती भाजी निवडता निवडता मेधाला विचारते, "आईंची शुगर आली का गं खाली?" मेधाने ही गोष्ट फक्त रेणूला सांगितलेली असते. रेणूने काळजीपोटी सांगितलं असेल, शक्य आहे. मेधा "हो, आली" म्हणते. प्रसंग इथेच थांबवा. "तिला विचित्र वाटलं" असं लिहू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात अशी वाक्यं पानोपानी होती आणि त्यांनीच सगळी हवा काढून घेतली होती.

मग दोन-तीन पानं खरोखर सुखाची जाऊ द्या. त्यानंतर एका सकाळी ओट्यावर चहाचे दोनच कप विसळून उपडे घातलेले दिसतात. एरवी या घरात बाई येईपर्यंत कपाला कुणी हात लावत नाही. रेणूला टापटीप सुचली असेल, हेही शक्य आहे.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेधा मुद्दाम स्वातीला खोटंच सांगते, की नोकरी सोडायचा विचार आहे. चार दिवसांनी रेणू काही विचारत नाही, पण न सांगता मेधाच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करते. आता ही माया की चौकशीची तयारी? तिघींमध्ये नक्की खोटं बोललेली एकटी मेधाच आहे, हे वाचकाला मेधाच्या आधी कळायला हवं. इथून पुढे ती तुटक वागू लागते, म्हणून त्या दोघी खरंच तिच्याविषयी आपसात बोलू लागतात. तिचा संशय असा स्वतःच खरा होत जातो.

"सरळ विचारत का नाही?" हा प्रश्न वाचकाला पडणारच. त्याचं उत्तर सुरुवातीलाच पेरा. मेधाने पूर्वी एकदा रेणूवर चुकीचा आळ घेतला होता आणि रडून माफी मागितली होती. आता पुन्हा विचारायला तिची जीभ रेटत नाही.

खर्डा झाला की दोघांना वेगवेगळा वाचायला द्या, पण फक्त खिचडीपर्यंत, आणि विचारा, "चूक कुणाची?" दोघांनीही ठामपणे मैत्रिणींचं नाव घेतलं तर पारडं झुकलंय. अशा वेळी नवा प्रसंग घालू नका. कपांच्या प्रसंगाकडे परत जा आणि रेणूच्या टापटिपीची एखादी खूण आधीच्या सुखाच्या पानांत ठेवा.