एरंडेल तेलाची व्हिस्कॉसिटी: पुस्तकातलं उत्तर का येत नाही?

प्रश्न: स्टोक्सच्या पद्धतीने एरंडेल तेलाची व्हिस्कॉसिटी काढतोय, पण पुस्तकातल्या किमतीशी जुळत नाही. माझं काय चुकतंय?

बहुतेक तुमचं काही चुकत नसेल. तेलाचं तापमान घेतलंत का?

एफवायला माझंही हेच झालं होतं. ३ मिमी व्यासाची गोळी, ५ सेमी आतल्या व्यासाचा जार, दोन रबरबँडमध्ये ४० सेमी अंतर. गोळी दर वेळी ८.२ सेकंदांच्या आसपास खाली यायची. η = 2r²(ρ−σ)g/9v मध्ये घातलं की ०.६९ पास्कल-सेकंद. पुस्तकात ०.९८६. सरांनी जर्नल न उघडताच परत दिलं, "रिपीट कर." पार्टनर हुशार. त्याने उत्तरावरून उलटं गणित केलं, वेळेच्या रकान्यात ११.८ लिहिलं आणि सही घेऊन कँटीनला गेला. मी चार वाजेपर्यंत गोळ्या टाकत बसलो.

ती ०.९८६ ही किंमत २० अंशांची आहे. ३० अंशांना तेच तेल ०.४५ च्या जवळ येतं, म्हणजे निम्म्याहून खाली. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी २६ अंश होते, आणि तिथे ०.६ च्या आसपासच यायला हवं.

मग माझं ०.६९ का? कारण जारची भिंत. सूत्र अमर्याद पसरलेल्या तेलासाठी आहे. अरुंद जारमध्ये गोळीने सारलेलं तेल बाजूच्या फटीतून वर जातं आणि गोळी हळू पडते. म्हणून मोजलेला वेग (1 + 2.4 r/R) ने गुणायचा, R म्हणजे जारची आतली त्रिज्या. माझ्या बाबतीत १.१४४. ४.८८ सेमी/सेकंदचे ५.५८ झाले आणि उत्तर ०.६०. हे मला एमएस्सीला कळलं, तोवर सर रिटायर झाले होते.

भिंतीचा त्रास आहे का हे ओळखायला वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या टाका. गोळी मोठी होईल तशी व्हिस्कॉसिटी वाढत गेली तर भिंतच. ६ मिमीची गोळी मात्र या तेलात इतकी वेगात जाते की स्टोक्सचा नियमच नीट लागू राहत नाही, तिला दुरुस्तीही वाचवत नाही.

आणि "अंतिम वेग यायला वरचे २० सेमी सोडा" हेही सरांचंच. इतक्या दाट तेलात तो वेग मिलिमीटरभरात येतो. वरचा रबरबँड चार-पाच सेमी खाली घ्यायचा तो गोळी पृष्ठभागावर अडखळते म्हणून. गोळी आधी त्याच तेलात बुडवून घ्या, नाहीतर बुडबुडा चिकटून खाली जातो.

हां, स्क्रूगेजची शून्य त्रुटी वजा केली नसेल तर वरचं सगळं विसरा. त्रिज्येचा वर्ग आहे, व्यासात ०.०५ मिमी चुकलं तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलतं. माझी वजा केलेली होती. जर्नल अजून आहे माझ्याकडे, रिपीटच्या शेऱ्यासकट.