संत्रा: अक्षरं दोन की चार?

प्रश्न: नागपूरच्या एका मुलावर छोटी गोष्ट लिहितेय. काकाने दिलेली लाकडी पेटी शब्दकोडं सुटलं तरच उघडते. पेटीवर अक्षरं कोरलेल्या दोन चकत्या आहेत आणि उत्तर आहे ‘संत्रा’. कोड्यात ‘दोन अक्षरी’ म्हटलं तर चालेल का? बहीण म्हणते, सं, त, र आणि काना मिळून चार होतात. शिवाय शाळेच्या पुस्तकात ‘संत्रे’ असतं, त्याचं काय करू?

उत्तर: ‘दोन अक्षरी’ अगदी बरोबर आहे. बहीण मोजतेय ते लिहिण्यातले तुकडे. अक्षर स्वरावर उभं राहतं. स्वराआधी कितीही व्यंजनं जोडली, वर अनुस्वार दिला, तरी ते एकच अक्षर. म्हणून ‘सं’ एक आणि ‘त्रा’ एक. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवताना आपण ‘त्रा’ एकाच चौकोनात लिहितो, काना पुढच्या चौकोनात ढकलत नाही. चकतीवरही तसंच, अख्खं ‘त्रा’ एका जागी कोरलेलं दाखवा.

एक पथ्य मात्र पाळा. लिहिताना तीन आणि बोलताना दोन वाटतील असे शब्द पुढच्या कोड्यांत नकोत. ‘कमळ’ लिहिण्यात तीन अक्षरी आहे, पण तोंडात ‘क-मळ’ असं दोनच ठोक्यांत येतं. बोटांवर मोजणारा मुलगा तिथे अडेल. ‘संत्रा’ला ती अडचण नाही.

आता ‘संत्रा’ की ‘संत्रे’. तुमच्या गोष्टीची खरी गंमत मला इथे दिसते. पुस्तकी मराठीत ते संत्रे, बोलताना ते संत्रं, अनेकवचन ती संत्री. नागपुरात तो संत्रा, अनेकवचन ते संत्रे. म्हणजे पुस्तकातलं एक ‘संत्रे’ नागपूरच्या बाजारात अनेक होतात! त्यात शेजारी हिंदी. नागपूर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, हिंदी आजही तिथे घराघरात कानावर पडते, आणि हिंदीतला शब्द आहे ‘संतरा’. सं-त-रा, तीन अक्षरं.

तेव्हा मुलाच्या डोक्यात तीन रूपं येतील आणि कोड्याने त्यातली दोन गाळायला हवीत. असं काही करून पाहा:

हिरवा होता, केशरी झाला,
सुरीवाचून सदरा निघाला,
एकच होता, वाटून संपला,
दोन अक्षरांत सांग मला.

नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, नखाने उचलली की हाताने निघते. त्यामुळे दुसऱ्या ओळीवर मुलगा फळ ओळखेल. मित्र ओरडेल, ‘संतरा!’ पण चकत्या दोनच, ते बसत नाही. मग मुलगा वर्गात शिकलेलं ‘संत्रे’ लावेल. दुसऱ्या चकतीवर ‘त्रे’ आहेच, तरी झाकण हलणार नाही. इथे त्याला पुन्हा ओळी वाचू द्या. हिरवा, होता, झाला, संपला: सगळं पुल्लिंगी आणि एकवचनी. ‘संत्रे’ नपुंसकलिंगी धरलं तर ‘हिरवं होतं’ हवं, नागपुरी अनेकवचन धरलं तर ‘हिरवे होते’. तो पुटपुटेल, ‘हिरवा होता... अरे, तो संत्रा!’ आणि चकती एक घर सरकवेल. काकाने कुलूप लिंग-वचनात घातलं होतं.

फोडींचा आकडा कोड्यात घालायचा मोह होईल, तो टाळा. एका फळात दहा निघतात, दुसऱ्यात अकरा, आणि चौकस वाचक मोजून बघतो.

दुसरी सावधगिरी क्रियापदांची. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘तो येतो’ऐवजी ‘तो येते’ सर्रास म्हणतात. तुमचा काका तसा बोलत असेल तर वर्तमानकाळातल्या क्रियापदावरून लिंग कळणारच नाही. खूण भूतकाळात किंवा ‘हिरवा’सारख्या विशेषणात ठेवा, तिथे ती टिकते. तसंच ‘संत्र्याचा रस’, ‘संत्र्याची फोड’ असले शब्दप्रयोगही खुणेसाठी कामाचे नाहीत. संत्रा घ्या की संत्रे, सामान्यरूप दोघांचंही ‘संत्र्या’च होतं.

आणि काका पुण्याकडचा दाखवायचं ठरवलंत, तर कोडं ‘हिरवं होतं, केशरी झालं, सुरीवाचून झबलं निघालं, एकच होतं, वाटून संपलं’ असं फिरवा. तेव्हा दुसऱ्या चकतीवर ‘त्रं’ कोरावं लागेल आणि नागपूरचा मुलगा ‘त्रा’ लावून अडकेल.