फायटिंग गेममध्ये मूव्ह कॅन्सल करून फटके जोडता येतात, मग एकाच लांब कॉम्बोत समोरचा संपत का नाही?

कारण कॅन्सल फक्त वेळ वाचवतो, डॅमेज वाढवत नाही. स्ट्रीट फायटर ४ मधला र्‍यू घ्या. बसून मारलेली मिडियम किक लागली की पाय मागे घ्यायला त्याला वेळ लागतो. किक लागतानाच हादोकेनचं, म्हणजे हातातून सुटणाऱ्या ऊर्जेच्या गोळ्याचं, इनपुट पूर्ण केलं, तर तो वेळ कापला जातो आणि समोरचा सावरण्याआधी गोळा लागतो. इनपुट उशिरा गेलं की समोरचा गोळा ब्लॉक करतो. हिट काउंटर पुढे सरकत नाही, त्यावरून चूक लगेच कळते.

स्केलिंगचं, म्हणजे कॉम्बो लांबेल तसं पुढच्या मूव्हचं डॅमेज घटवण्याचं, गणित वेगळं चालतं. पहिल्या दोन मूव्हना पूर्ण डॅमेज, तिसरीला ८० टक्के, पुढे प्रत्येकीला १० टक्के कमी, शेवटी १० टक्क्यांवर थांबतं. समजा, प्रत्येकी १०० डॅमेजच्या दहा मूव्ह लागल्या: १००० ऐवजी ५६० च जातात. र्‍यूची हेल्थ १००० आहे, म्हणजे तो अजून उभा!

म्हणूनच माझ्या मते संधी मोठी असेल तेव्हा सुरुवात जड फटक्याने करावी. हलक्या जॅबने केलीत, तर पूर्ण डॅमेजच्या जागा तिथेच खर्च होतात.