सोनेतारण कर्ज: स्लॅबचं व्याज, मध्ये भरलेले पैसे आणि बंद करायची रक्कम

प्रश्न: सोलापुरात 10 जून 2025 ला दागिन्यांवर एक लाख उचलले. कागदावर 30 दिवसांपर्यंत 12 टक्के, 60 पर्यंत 15, 90 पर्यंत 18 आणि त्यापुढे 24 असं लिहिलंय. 20 ऑगस्टला 10,000 भरले, तर मुद्दल फक्त साडेसहा हजारांनी कमी झालं. असं कसं? आणि दिवाळीआधी, समजा 10 ऑक्टोबरला सोडवायचं तर किती पैसे न्यावे लागतील?

उत्तर:

10 ऑक्टोबरला साधारण 95,461 रुपये लागतील. तुमच्या पावतीवरचा आकडाही बरोबर दिसतोय. फक्त स्लॅबचा अर्थ तुम्ही वेगळा लावला असावा.

बरेच जण असं समजतात की पहिल्या 30 दिवसांना 12 टक्के, पुढच्या 30 दिवसांना 15, मग उरलेल्यांना 18. तसं असतं तर 71 दिवसांचं व्याज 986 + 1,233 + 542, म्हणजे सुमारे 2,762 रुपये झालं असतं. पण सोनेतारणाच्या बहुतेक स्लॅब योजनांत 61 वा दिवस उजाडला की 18 टक्के हा दर पहिल्या दिवसापासून लागतो. मागच्या दिवसांनाही तोच. 10 जून ते 20 ऑगस्ट 71 दिवस होतात. एक लाखावर 18 टक्क्यांनी 71 दिवसांचं व्याज 3,501 रुपये. भरलेल्या पैशांतून आधी व्याज वळतं होतं आणि उरलेलं मुद्दलात जातं, म्हणून 10,000 पैकी 6,499 मुद्दलाला गेले आणि 93,501 बाकी राहिले.

आपल्या पावतीवर कोणती पद्धत लावलीय ते काउंटरवर न विचारताही कळतं. घेतलेल्या व्याजाला 365 ने गुणा आणि मुद्दल गुणिले दिवस या आकड्याने भागा. तुमच्या बाबतीत उत्तर 18 टक्के येतं. टप्प्याटप्प्याची पद्धत असती तर 14.2 आलं असतं. उत्तर 18 च्या किंचित वर, म्हणजे 18.25 च्या आसपास आलं तर समजा की कर्ज दिल्याचा आणि पैसे भरल्याचा असे दोन्ही दिवस मोजलेत, 71 ऐवजी 72. ते कराराच्या कागदावर तसं लिहिलंय का, हे जरूर विचारा. आणि पूर्ण महिन्याचं व्याज लावलेलं दिसलं तर तक्रार करा. कर्ज जितके दिवस बाकी होतं तितक्याच दिवसांचं व्याज घ्यायचं, हे रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात बँका आणि फायनान्स कंपन्यांना स्पष्ट सांगितलंय.

आता महत्त्वाची गोष्ट. 20 ऑगस्टपर्यंतचं व्याज पूर्ण फिटल्यामुळे तुमची दिवसमोजणी त्या तारखेपासून पुन्हा शून्यावर आली. तिथून 10 ऑक्टोबर 51 वा दिवस, म्हणजे 15 टक्क्यांचा स्लॅब. 93,501 वर 51 दिवसांचे 1,960 रुपये. मिळून 95,461.

मोजणी शून्यावर येते ती व्याज पूर्ण फिटलं तरच, आणि माणसं फसतात ती इथेच. समजा तुम्ही 30 जुलैला, 50 व्या दिवशी, 2,000 भरले असते. त्या दिवसापर्यंतचं व्याज 2,055 होतं. म्हणजे 55 रुपये कमी. मोजणी 10 जूनपासूनच चालू राहिली असती आणि 20 ऑगस्टला 71 दिवसांचं 18 टक्क्यांनी 3,501 काढून त्यातून 2,000 वजा झाले असते. तेच 2,055 भरले असते तर मोजणी 30 जुलैपासून सुरू होऊन पुढच्या 21 दिवसांना 12 टक्क्यांनी 690 रुपयेच पडले असते. एकूण 2,745. पंचावन्न रुपयांसाठी 756 रुपयांचा फटका! म्हणून आठवड्याच्या पगारातून थोडेथोडे भरणाऱ्यांनी गोल रकमा भरू नयेत. आधी आजचं व्याज पैशासकट विचारावं आणि त्याच्यापेक्षा थोडं जास्तच भरावं. दर 30 दिवसांच्या आत व्याज पूर्ण भरत राहिलं तर एक लाखाला महिन्याकाठी 986 रुपयांत काम भागतं आणि 12 टक्क्यांच्या वर जावंच लागत नाही. मुद्दल फेडायला पैसे नसतील तरी एवढं सांभाळाच.

स्लॅब ओलांडण्याचा एक दिवस किती महाग असतो, तेही पाहा. तुमच्या कर्जाचा 60 वा दिवस 9 ऑगस्टला होता. तोपर्यंतचं व्याज 2,466, आणि दुसऱ्या दिवशी 3,008. एका रात्रीत 542 रुपये! एरवी 15 टक्क्यांनी दिवसाला 41 रुपयेच चढतात. त्यात 9 ऑगस्ट हा दुसरा शनिवार, दुसऱ्या दिवशी रविवार. बँकेचं कर्ज असेल तर शाखा दोन्ही दिवस बंद. म्हणून 60 वा किंवा 90 वा दिवस कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा आणि सुट्टी आली तर एक दिवस अलीकडे सरका. ऑनलाइन भरलंत तरी रक्कम कर्जखात्यात कोणत्या तारखेला जमा झाली ते पाहा, कारण तुमच्या खात्यातून पैसे गेल्याची तारीख व्याजाला लागू होईलच असं नाही.

कोणत्याही तारखेची रक्कम स्वतः काढायची तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये B1 मध्ये बाकी मुद्दल, B2 मध्ये व्याज शेवटचं पूर्ण फिटलं ती तारीख (तुमची 20 ऑगस्ट) आणि B3 मध्ये बंद करायची तारीख टाका. मग हे सूत्र:

```
=ROUND(B1*(1+IF(B3-B2<=30,12%,IF(B3-B2<=60,15%,IF(B3-B2<=90,18%,24%)))*(B3-B2)/365),0)
```

तारीख 10-Oct-2025 अशी लिहा. 10/06 टाकलं तर काही फोनवर ते 6 ऑक्टोबर धरलं जातं आणि सगळा हिशोब कोलमडतो. मध्ये अपुरे पैसे भरले असतील तर B2 बदलू नका. आलेल्या उत्तरातून ते पैसे वजा करा.

शाखेचा आकडा यापेक्षा दहा-वीस रुपयांनी वेगळा आला तर तो दिवस मोजण्यातला किंवा पूर्णांक करण्यातला फरक असतो. शेकड्यांत फरक आला तर एखादा आकार जोडलेला असणार. तो कशाचा, हे पावतीवर वेगळ्या ओळीत मागून घ्या.

10 ऑक्टोबरला जमलं नाही तर 20 ऑगस्टपासूनचा 60 वा दिवस 19 ऑक्टोबर, आणि तो रविवार आहे. त्यामुळे तुमच्यासाठी खरी शेवटची तारीख शनिवार 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. त्या दिवशी 95,768 रुपये लागतील. सोमवारी 20 तारखेला गेलात तर 96,314. धनत्रयोदशीला काउंटरवर गर्दी असणार, तेव्हा दागिने हातात यायला वेळ लागेल. जमलं तर आदल्या दिवशी, शुक्रवारीच उरकून घ्या.