क्रिएटिन घेताना क्रिएटिनिन १.३८ आलं, लघवीत प्रोटीन 'ट्रेस' आलं. किडनी गेली का?

वय २९, पुरुष. सात महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतो. रिपोर्टवर ईजीएफआर ७१ छापून आलाय. घरचे म्हणतात पावडरनेच किडनी बिघडली. खरं काय?

उत्तर:

'घरचे म्हणतात' एवढं वाचलं आणि आमचे भाऊजी डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षांपासून टेक्निशियन आहे. तुमच्यासारखा रिपोर्ट आमच्याच घरात आला होता. भाचा तेव्हा २७ वर्षांचा. मिहानमधल्या एका कंपनीत लागला, जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये क्रिएटिनिन १.४२ आलं, ईजीएफआर ६९, आणि खाली शेरा, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी ताईचा रडत फोन. मी सक्करदऱ्याला पोचेपर्यंत भाऊजींनी पावडरचा डबा मोरीत रिकामा केला होता. मला बघताच म्हणाले, "मी सांगूनच राहिलो होतो. किडनी खाऊन टाकते ते पावडर. पण तुम्हा मामा-भाच्याले कोण सांगन!"

(पावडर आणायला मी हो म्हटलं होतं, हे खरं आहे.)

मी तिथेच रिपोर्टच्या मागच्या बाजूला हिशोब मांडून दाखवला. क्रिएटिन स्नायूंत साठतं आणि त्या साठ्यातला साधारण पावणेदोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो. त्यात किडनीचा काही हात नाही, तिचं काम फक्त ते बाहेर टाकणं. पावडर घेतली की साठा साधारण वीस टक्क्यांनी वाढतो, कोणाचा कमी, कोणाचा जास्त. साठा वाढला की रोज तयार होणारं क्रिएटिनिनही त्याच मानाने वाढणार. भाच्याचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट १.१ होता. त्याचे वीस टक्के धरले तर १.३२ व्हायला पाहिजे. मग १.४२ कुठून आलं?

"काल रात्री काय जेवला बे?"

"सावजी मटण."

घ्या. मटणाच्या स्नायूंतही क्रिएटिन असतंच, आणि ते रटरट शिजलं की त्यातलं बरंचसं क्रिएटिनिन होऊन थेट रक्तात येतं. पुढचे काही तास आकडा चढलेला राहतो. त्यात मे महिना, घाम गाळून हा जिममधून आलेला, पाणी कमी. वरचे ०.१ तिथेच मिळाले.

ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज. तो कोणी मोजत नाही हे भाऊजींना आजही पटत नाही. ते मशीनमधून आलेलं माप नसतं. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं सूत्रात घातलं की आकडा बाहेर पडतो. भाच्याच्या वयाला १.१ घातलं तर ९४ येतो, १.४२ घातलं तर ६९. तुमच्या वयाला १.३८ घातलं की बरोबर ७१, तोच छापून आलाय. म्हणजे क्रिएटिनिन किडनीमुळे वाढलं नसेल, तर ईजीएफआरचा दुसरा, वेगळा पुरावा तुमच्याकडे नाहीच. एकच गोष्ट दोनदा छापली आहे.

'ट्रेस'चं ऐका. पावडर लघवीत उतरून प्रोटीन दिसतं, असं जिममधले पोरं सांगतात ते चूक आहे. क्रिएटिन हे प्रोटीनच नाही, लघवीत बुडवतात त्या पट्टीचा रंग त्याने बदलत नाही. पट्टीवर एक पिवळा चौकोन असतो, त्यावर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, आलं की तो हिरवट होत जातो. मिनिटभराने आम्ही तो डब्यावरच्या रंगांशी लावून बघतो. पण पट्टीला दिवसभराचं प्रोटीन कळत नाही, त्या थेंबात किती दाट आहे तेवढंच कळतं. नागपूरच्या उन्हात पाणी न पिता सकाळी दिलेली घट्ट लघवी असली की ट्रेस सहज दिसतो. त्याच रिपोर्टवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बघा, लघवी किती घट्ट ते त्यावरून कळतं. १.०२५ च्या वर असेल तर ट्रेसचं वजन निम्मं समजा. आदल्या दिवशी जोरात लेग-डे केला असेल तरीही प्रोटीन उतरतं आणि एक-दोन दिवसांत जातं.

इथपर्यंत मी जिंकत होतो. पुढे चुकलो, आणि त्यासाठीच हे लिहितोय.

किडनीच्या डॉक्टरांकडे नंबर लागायला वेळ होता म्हणून मीच शहाणपणा केला. चार दिवसांनी भाच्याच्या लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो लावला. घाबरून त्याने जिमला दांडी मारली होती, पण दुसरा डबा आणून पावडर चालूच होती. अल्ब्युमिन लिटरला ५२ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन लिटरला २ ग्रॅम. ५२ भागिले २, म्हणजे २६. तीसच्या आत नॉर्मल. मी ताईला फोन करून सांगितलं, लघवी एकदम साफ, भाऊजींना म्हणावं झोपा आता.

डॉक्टरांनी तो रेशो पाहिला आणि मला विचारलं, "खाली कोण आहे?"

बावीस वर्षं हा भागाकार करतोय आणि माझ्या डोक्यात आलं नाही. रेशोमध्ये खालचा आकडा क्रिएटिनिनचाच. तो तिथे एवढ्यासाठी असतो की लघवी पातळ असो की घट्ट, दोन्ही आकडे सारखेच वरखाली होतील आणि भागाकार खरा राहील. पण माणूसच जास्त क्रिएटिनिन बनवत असेल तर खालचा आकडा फुगतो आणि रेशो उगाच लहान दिसतो. जी पावडर रक्ताचा रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट दाखवते, तीच लघवीचा रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला दाखवते. प्रोटीन-क्रिएटिनिन रेशोचंही हेच. भरपूर स्नायू कमावलेल्या माणसाचं पावडर न घेताही असं होतं.

त्यांनी सांगितलं, पावडर चार आठवडे पूर्ण बंद. तपासणीच्या आधी दोन दिवस व्यायाम नाही, आदल्या दिवशी मटण-चिकन नाही, पाणी नेहमीसारखं. लघवी सकाळची पहिली. आणि रक्तात क्रिएटिनिनच्या जोडीला सिस्टॅटिन सी. ते किडनीच गाळते असं एक छोटं प्रोटीन, शरीरातल्या सगळ्याच पेशींत तयार होतं, त्यामुळे पावडर आणि मटण त्याला हलवत नाहीत. (थायरॉइड बिघडलेला असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर मात्र तेही फसवतं.)

क्रिएटिनिन १.१४ आलं, ईजीएफआर ९०. सिस्टॅटिन सी ०.९०, त्यावरून काढलेला ईजीएफआर १०२. भाऊजींची किडनी-खाऊ पावडर तिथे हरली. पण लघवीत अल्ब्युमिन ५४ आणि क्रिएटिनिन १.६, रेशो ३४. तीसच्या वर.

आता २६ आणि ३४ मध्ये सगळा फरक पावडरचाच, असं मी म्हणणार नाही. हा रेशो एका माणसात रोज थोडा इकडेतिकडे होतोच. म्हणून एका रिपोर्टवर निकाल देत नाहीत. तीन महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन वर आले तर खरं मानतात. भाच्याचा पुढच्या महिन्यात ३६ आला, नंतर ३३. आणि बीपी, जे घरात कोणी मोजलंच नव्हतं, ते १४६/९४. सत्ताविसाव्या वर्षी. बीपीची गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं. माझा तो 'एकदम साफ' खरा धरला असता तर हे कधी कळलं असतं कोण जाणे.

तुम्ही काय करायचं? तुमचा १.३८ मला पावडरचा वाटतो, पण वाटण्यावर राहू नका. जुना, पावडर सुरू करण्याआधीचा रिपोर्ट शोधा, तो सापडला तर अर्धं काम झालं. मग वर लिहिलं तशी चार आठवड्यांची तयारी करून तेच सगळं पुन्हा करा, बीपीसकट. लॅबच्या चिठ्ठीवर 'क्रिएटिन घेत होतो, अमुक तारखेला बंद केलं' असं स्वतः लिहा. सुई टोचणारा 'उपाशी आहात का' एवढंच विचारतो. आमच्या फॉर्मवर सप्लिमेंटचा एक रकाना टाका म्हणून मी चार वर्षं मागे लागलोय. जागा नाही म्हणतात, लोगोला मात्र जागा आहे.

पावडर बंद करूनही क्रिएटिनिन खाली आलं नाही किंवा सिस्टॅटिन सी पण वाढलेलं निघालं, तर पावडरला दोष देऊन घरी बसू नका. आणि हे आधीच लिहायला पाहिजे होतं: पायावर सूज, लघवीला न विरणारा फेस, लघवीत रक्त, पोटॅशियम वाढलेलं, साखरेचा किंवा बीपीचा जुना त्रास, यातलं काहीही असेल तर चार आठवडे थांबायचं नाही, याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. मी टेक्निशियन आहे, तुमचा पूर्ण रिपोर्ट मी पाहिलेला नाही.

आमच्याकडे वाद अजून मिटलेला नाही. भाऊजी दर दिवाळीला म्हणतात, शेवटी किडनीतच निघालं ना? मी म्हणतो, बीपीमुळे निघालं, आणि पावडरने ते केलं नाही, झाकलं. तर म्हणतात, "मग पोराने बंद काहून केली?" बंद केली कारण आता दर सहा महिन्यांनी त्याचा रेशो बघायचा आहे आणि खालचा आकडा खरा पाहिजे. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ताईला आवाज दिला, "चहा टाक वं, तुया भावाचं सुरू झालं."