पहिल्या वाचनात नोट्स काढू नकोस

अरे, तू पहिल्याच वाचनात वही घेऊन बसलास ना, तिथेच गडबड होतेय. पहिल्यांदा वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि मग ३० पानांच्या चॅप्टरच्या २० पानी नोट्स होतात, मी पण राज्यशास्त्राची अख्खी वही अशीच भरली होती आणि परीक्षेआधी ती उघडायलाही वेळ मिळाला नाही.

आधी नुसतं वाच, मग त्या चॅप्टरवरचे लोकसेवा आयोगाचे जुने प्रश्न बघ, आणि दुसऱ्या वाचनात पेन घे.

आता आणीबाणीचा चॅप्टर घे. प्रश्न बहुतेक फरकावर येतात, त्यामुळे परिच्छेद न लिहिता राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या तीन कलमांचा एक तक्ता कर:

- ३५२, राष्ट्रीय आणीबाणी: संसदेची मंजुरी १ महिन्यात, विशेष बहुमत, दर ६ महिन्यांनी पुन्हा मंजुरी
- ३५६, राष्ट्रपती राजवट: २ महिन्यांत, साधं बहुमत, दर ६ महिन्यांनी, कमाल ३ वर्षं
- ३६०, आर्थिक आणीबाणी: २ महिन्यांत, साधं बहुमत, पुन्हा मंजुरी लागत नाही

खाली एकच ओळ, ४४वी घटनादुरुस्ती १९७८: 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' आलं, आणि कलम २० व २१ चे हक्क स्थगित करता येत नाहीत. व्याख्या, इतिहास पुस्तकातच राहू दे, फक्त पान नंबर टाक.

उजवीकडे थोडी जागा मात्र कोरी सोड, टेस्टमध्ये चुकलेलं तिथेच लिहायचं, नाहीतर सुट्या चिठ्ठ्या हरवतात. आणि दोन दिवसांनी वही बंद करून तक्ता आठवून काढ, जे रकाने रिकामे राहतील तेवढंच परत वाच.